रात्रीत गॅप आला आणि आयव्ही उडाला तर ऑप्शनच्या पोर्टफोलिओचं काय होईल, हे आदल्या संध्याकाळी कसं काढायचं

प्रश्न: "निफ्टी वीकलीमध्ये शॉर्ट स्ट्रँगल आहे, खाली सेफ्टीसाठी दुप्पट लॉटचे स्वस्त पुट घेऊन ठेवलेत. डेल्टा जवळपास शून्य दिसतो. सकाळी मोठा गॅप आला आणि आयव्ही पण उडाला तर किती जाईल हे आधी कसं समजणार? ग्रीक्स बघून भागतं का?"

नाही भागत. ग्रीक्स आत्ता, या भावाला, छोट्या हालचालीसाठी खरे असतात आणि गॅप म्हणजे नेमकी मोठी हालचाल, त्यामुळे प्रत्येक ऑप्शनचा भाव नव्या किमतीला आणि नव्या आयव्हीला परत काढावा लागतो, दुसरा मार्ग नाही. मी लोअर परळला एका ट्रेडिंग डेस्कवर रिस्कचं काम बघतो, तिथे हे रोज मार्केट बंद झाल्यावर करतो, घरी एक्सेलमध्ये किंवा पायथॉनमध्ये पण सहज होतं.

तुम्ही स्ट्राइक दिले नाहीत म्हणून तुमच्यासारखीच एक पोझिशन मी धरतो. निफ्टी २५,००० (सोपं पडावं म्हणून फ्युचर पण तेवढाच, व्याज सोडून देऊ), एक्सपायरीला ७ दिवस, लॉट ७५चा धरतो, लॉट साइज बदलत असते तेव्हा तुमचा चालू आकडा टाका. २४,५०० पुट १० लॉट विकलेत, आयव्ही १४, भाव साधारण ३७. २५,५०० कॉल १० लॉट विकलेत, आयव्ही १२, भाव २४. आणि २३,५०० पुट २० लॉट घेतलेत, आयव्ही २०, भाव ३ रुपये. हातात आलेले पैसे सुमारे ४१ हजार. डेल्टा काढला तर अख्ख्या पोझिशनचा ३ शेअरएवढा पण येत नाही, म्हणजे स्क्रीनवर एकदम निवांत चित्र.

आता ग्रिड. आडव्या ओळीत निफ्टीचा गॅप, उभ्या कॉलममध्ये आयव्हीची उडी, आणि प्रत्येक खान्यात पूर्ण पोझिशन परत व्हॅल्यू करून आजच्या व्हॅल्यूशी फरक. दुसऱ्या दिवशी सकाळचं बघतोय म्हणून दिवस ७ऐवजी ६ घ्यायचे.

```python
from math import log, sqrt, erf
N = lambda x: 0.5*(1+erf(x/sqrt(2)))
def opt(F, K, v, d, cp):
    s = v*sqrt(d/365)
    d1 = log(F/K)/s + s/2
    return cp*(F*N(cp*d1) - K*N(cp*(d1-s)))
# strike, iv, call=1 put=-1, qty
book = [(24500,.14,-1,-750), (25500,.12,1,-750), (23500,.20,-1,1500)]
def val(F, dv, d):
    return sum(q*opt(F,k,v+dv,d,cp) for k,v,cp,q in book)
base = val(25000, 0, 7)
for g in (.06, .03, 0, -.03, -.06, -.10):
    print(g, [round(val(25000*(1+g),dv,6)-base) for dv in (0,.12)])
```

हे चालवलं की साधारण असं येतं, आकडे लाखात:

| गॅप | आयव्ही तेवढाच | आयव्ही १२ पॉइंट वर |
|---|---|---|
| +६% | −७.१ | −७.४ |
| +३% | −१.९ | −३.१ |
| ०% | +०.०८ | −१.१ |
| −३% | −१.६ | −१.३ |
| −६% | −३.५ | −१.६ |
| −१०% | +०.६ | +१.५ |

हे टेबल नीट बघा, यात तुमच्या प्रश्नाचं जवळपास सगळं उत्तर आहे.

सगळ्यात आधी शेवटची ओळ. १० टक्के खाली गॅप आला तर फायदा! दुप्पट पुट कामाला आले. बरेच जण स्ट्रेस टेस्ट म्हणजे फक्त हाच एक कोपरा बघतात, मार्केट १० टक्के पडलं आणि आयव्ही उडाला तर काय, तिथे हिरवा आकडा दिसला की फाइल बंद. पण त्याच्या वरच्या ओळीत, म्हणजे कमी पडझडीत, साडेतीन लाखांचा तोटा बसलाय. कारण सरळ आहे, निफ्टी २३,५००ला आला की विकलेला पुट १,००० पॉइंट आत गेलाय आणि तुमचे घेतलेले पुट आत्ता कुठे ॲट द मनी आलेत, त्यांच्यात फक्त टाइम व्हॅल्यू आहे. त्याच्या खाली प्रत्येक पॉइंटला दुप्पट लॉट कमवायला लागतात आणि २२,५००पर्यंत खड्डा भरून निघतो. म्हणजे खालच्या बाजूचा सगळ्यात वाईट खाना ग्रिडच्या मध्ये कुठेतरी लपलेला आहे, टोकाला बघून तो सापडणार नाही.

म्हणून ओळी ठरवताना फक्त गोल टक्के टाकू नका. तुमच्या प्रत्येक स्ट्राइकवर एक ओळ आलीच पाहिजे, आणि स्ट्राइकच्या अलीकडे पलीकडे एकेक. या पोझिशनला मी ५ आणि ७ टक्के पण काढून बघितले, दोन्हीकडे ३.२ लाख जातात, म्हणजे तळ ६च्या आसपासच आहे. ग्रिडमध्ये ३ टक्के आणि १० टक्के या दोनच ओळी असत्या तर हा खड्डा दिसलाच नसता, दीड लाखाचा तोटा आणि पुढे फायदा असं वाटलं असतं.

ग्रीक्सचं पण इथेच बघून घ्या. डेल्टा आणि गॅमा वापरून अंदाज काढला तर ३ टक्के वर गॅपसाठी १.८ लाख येतो, खरा १.९, ठीक आहे. ६ टक्के खाली गॅपला मात्र ग्रीक्स ७.३ लाख तोटा सांगतात, खरा ३.५. आणि १० टक्क्यांना ग्रीक्स २० लाखांचा तोटा दाखवतात जिथे खरं तर फायदा आहे! इथे तरी चूक घाबरवण्याच्या बाजूला झाली, पण पोझिशन बदलली की दिशा पण उलटू शकते. समजा फक्त लांबचे पुट विकलेत, आज त्यांचा गॅमा एवढासा आहे, तर ग्रीक्स तोटा खूप कमी दाखवतील कारण निफ्टी त्या स्ट्राइकजवळ गेल्यावर गॅमा किती फुगेल हे आजच्या आकड्यात कुठेच नाही.

आता वेगा. आज तुमच्या पोझिशनचा वेगा उणे आहे, आयव्ही एक पॉइंट वाढला तर साधारण साडेनऊ हजार जातात, म्हणून ० टक्क्याच्या ओळीत आयव्ही १२ वर गेला की १.१ लाख तोटा. पण ६ टक्के खालच्या ओळीत बघा, आयव्ही वाढला तर तोटा ३.५वरून १.६वर आला. म्हणजे खाली गेल्यावर तुमच्या वेगाची खूण बदलली, तिथे तुम्ही २० लॉट ॲट द मनी पुट धरून बसलेले असता. त्यामुळे तुमच्यासाठी खालच्या बाजूला भीती आयव्ही उडण्याची नाही, निफ्टी पडून आयव्ही *न* उडण्याची किंवा उडून लगेच खाली बसण्याची आहे. हे एका वेगाच्या आकड्यावरून कधीच कळत नाही, ग्रिडमध्ये लगेच डोळ्यात भरतं.

यातून एक तिसरी दिशा निघते ती म्हणजे दिवस. तीच ग्रिड दुसऱ्या दिवसासाठी काढली तशी तीन दिवसांनी आणि एक्सपायरीच्या दिवशी काय होईल याची पण काढा. निफ्टी ६ टक्के पडून २३,५००ला गेला आणि तिथेच एक्सपायरीपर्यंत बसला तर पुटमधली टाइम व्हॅल्यू विरघळून जाते आणि तोटा ३.५वरून ७.१ लाखांवर जातो. सकाळी ३.५ला कापायची हिंमत नाही झाली, "बाउन्स येईल" म्हणून थांबलो तर दुप्पट, हे आधी माहीत असलं की सकाळचा निर्णय वेगळा होतो.

आयव्हीची उडी किती घ्यायची हा प्रश्न पुढे येतोच. माझं मत, मनातून आकडा काढू नका, झालेल्या दिवसांवरून घ्या. २०२४च्या निकालाचे दोन दिवस यासाठी फार उपयोगी आहेत. ३ जूनला सोमवारी, एक्झिट पोलनंतर, निफ्टी मोठ्या गॅपने वर उघडला आणि ३.२५ टक्के वर बंद झाला, आणि इंडिया व्हीआयएक्स २४च्या वरून २१च्या आसपास *खाली* आला. दुसऱ्या दिवशी ४ जूनला निकालाच्या दिवशी निफ्टी ५.९३ टक्के पडून २१,८८४.५०ला बंद झाला, व्हीआयएक्स दिवसात ३०च्या वर जाऊन २७च्या जवळ बंद. आणि ५ जूनला निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त वर, व्हीआयएक्स परत २०च्या खाली. तीन दिवसांत तीन वेगळे खाने.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, वर गॅप आणि आयव्ही वर ही जोडी निफ्टीत सहसा येत नाही, वर गॅप आला की आयव्ही बहुतेक वेळा पडतो. म्हणून वरच्या बाजूला आयव्ही ४ पॉइंट खाली असा एक कॉलम पण ठेवा, आपल्या उदाहरणात ३ टक्के वर आणि आयव्ही ४ खाली धरला तर तोटा १.६ लाख येतो. ३.१ लाखांचा खाना खोटा नाही पण त्याला तेवढंच वजन देऊन पोझिशन अर्धी करायची गरज नाही. मी टेबलमध्ये सगळे खाने भरतो आणि जे एकत्र यायची शक्यता कमी ते फिकट रंगात ठेवतो, पुसत मात्र नाही. दुसरी गोष्ट, व्हीआयएक्स साधारण ३० दिवसांच्या ऑप्शनचा असतो, वीकलीचा आयव्ही अशा दिवशी त्याहून जास्त उडतो. ३ जूनच्या बंदपासून ४ जूनच्या वरच्या टोकापर्यंत व्हीआयएक्स १० पॉइंटच्या आसपास हलला, म्हणून ६-७ दिवसांच्या ऑप्शनला १२ पॉइंट मला कमीतकमी वाटतो, १८-२०चा एक कॉलम पण टाकून बघा. पोझिशनमध्ये वीकली आणि मंथली दोन्ही असतील तर दोघांना सारखीच उडी देऊ नका, वीकली विकून मंथली घेतलेल्या माणसाला सारखी उडी दिली की ग्रिड खोटा दिलासा देते, कारण मंथलीत वेगा मोठा आणि तिथे १२ पॉइंट आलेच नाहीत तर तो फायदा कागदावरच राहतो. साधा नियम म्हणून ३० दिवसांच्या उडीला ३० भागिले उरलेले दिवस याच्या वर्गमुळाने गुणतात, अगदी शेवटच्या दोन दिवसांत हा नियम फार मोठे आकडे देतो म्हणून तिथे वर मर्यादा घालावी लागते.

अजून एक बारीक पण पैशाने मोठी गोष्ट आहे. वरच्या टेबलमध्ये "आयव्ही तेवढाच" म्हटलंय म्हणजे प्रत्येक स्ट्राइकला त्याचा आजचा आयव्ही चिकटवून ठेवलाय. पण २३,५०० पुटचा आयव्ही २० आहे कारण तो आज लांब आहे, आजचा ॲट द मनी १३च्या आसपास असेल. निफ्टी २३,५००ला गेला आणि आपण २०च धरला म्हणजे नकळत ॲट द मनी आयव्ही ७ पॉइंट वाढवून घेतला की! तो वाढला नाही असं धरलं, म्हणजे नव्या भावापासून जितकं लांब तितका आयव्ही असं धरलं, तर त्या पुटचा भाव २४०ऐवजी १५६ येतो आणि तोटा ३.५ऐवजी ४.७ लाख होतो. सव्वा लाखाचा फरक फक्त एका गृहीतकाचा. दोन्ही पद्धतीने काढा आणि जो वाईट तो धरा, ६ टक्के पडून आयव्ही अजिबात न वाढणं कठीण असलं तरी त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत तो तिथे येऊ शकतो.

आता वरची बाजू, जी मला तुमच्या पोझिशनमध्ये खरी धोक्याची वाटते. तुम्ही सेफ्टी खाली घेतली, वर काहीच नाही. ६ टक्के वर ७.१ लाख, आणि १० टक्के वर काढला तर साडेचौदा लाखांच्या पुढे, तिथून पुढे थांबतच नाही. लोक म्हणतात निफ्टी कधी ६ टक्के वर उघडतो का. १८ मे २००९ला, निवडणूक निकालानंतरच्या सोमवारी, उघडल्यावर काही सेकंदांत वरचं सर्किट लागलं आणि निफ्टी १७ टक्क्यांहून जास्त वर गेल्यावर त्या दिवशीचं ट्रेडिंगच बंद झालं. कॉल विकून बसलेल्याला कापायची संधीच नव्हती. आमच्या डेस्कवरचे एक ज्येष्ठ सहकारी अजून प्रत्येक नव्या पोराला ग्रिड दाखवताना आधी वरच्या तीन ओळींवर बोट ठेवतात आणि विचारतात "इथे काय आहे?", त्याचं कारण तो दिवस.

खालच्या सर्किटचं पण ध्यानात घ्या. २३ मार्च २०२०ला १० टक्के पडल्यावर ४५ मिनिटं मार्केट थांबलं आणि परत उघडल्यावर पडत जाऊन १२.९८ टक्के खाली, ७,६१०.२५ला बंद झालं. त्या ४५ मिनिटांत ऑप्शन पण बंदच असतात. म्हणून "५ टक्के पडला की मी ॲडजस्ट करीन" असं धरून ग्रिडमधला तोटा कमी करू नका, ग्रिड ही हात बांधलेले असताना काय होईल त्याचीच काढायची. आणि मॉडेलचा भाव म्हणजे मिळणारा भाव नाही, अशा सकाळी बिड-आस्क इतकं फाकतं की लांबच्या पुटला मॉडेल २४० म्हणत असेल तर बिड २००ला पण असू शकतो. मी घेतलेल्या ऑप्शनच्या व्हॅल्यूमधून काही टक्के कापतो आणि विकलेल्याच्या व्हॅल्यूवर काही टक्के चढवतो, किती ते स्वतःच्या जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून ठरवा.

मार्जिन भरलंय म्हणजे स्ट्रेस टेस्ट झाली, असं पण काही जण समजतात. एक्स्चेंजचं स्पॅन हे मुळात असंच १६ परिस्थितींचं ग्रिड आहे, किमतीच्या काही पायऱ्या गुणिले आयव्ही वर किंवा खाली, आणि शेवटी दोन टोकाच्या हालचाली ज्यांच्या तोट्याचा एक ठराविक हिस्साच धरतात. ते एक्स्चेंजच्या सोयीचं आहे, तुमच्या स्ट्राइकवर ओळ आहे की नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, आणि पायऱ्यांची रेंज संपली की पुढे काय ते ते सांगत नाही.

मग करायचं काय. तुमच्या जागी मी आधी २६,५०० कॉल १० लॉट घेतले असते, असे लांबचे कॉल रुपया-दोन रुपयाला मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त दीड हजार रुपये. त्याने वरचा तोटा कितीही गॅप आला तरी सात लाखांच्या आसपास अडतो, खालचा एक्सपायरीचा तळ पण तेवढाच आहे, आता दोन्ही बाजू मोजता येतात. मग लॉट. १० लॉटला सात लाख म्हणजे लॉटमागे ७० हजार. तुम्हाला एका रात्रीत किंवा एका आठवड्यात दोन लाखांपेक्षा जास्त गेलेलं चालणार नसेल तर ही पोझिशन २ लॉटची आहे, १०ची नाही. ४१ हजारांचा प्रीमियम मग ८ हजारांवर येतो हे खरं आहे, पण तोच या रिस्कचा खरा भाव आहे. दुसरा मार्ग म्हणजे घेतलेले पुट २३,५००वरून २४,०००ला आणणं, खड्ड्याची खोली एक्सपायरीला निम्मी होते पण २० लॉटचे जास्तीचे पैसे आजच्या क्रेडिटमधून जातात, स्ट्राइक बदलून वरचाच कोड चालवा आणि दोन टेबलं शेजारी ठेवून बघा.

ग्रिड एकदा काढून ठेवली आणि झालं असं नसतं. निफ्टी दीड-दोन टक्के हलला, किंवा दोन दिवस गेले, की खड्डा आत्ताच्या भावापासून वेगळ्या अंतरावर जातो. आज जो ६ टक्क्यांवर आहे तो निफ्टी २४,४००ला आला की पावणेचार टक्क्यांवर येतो, आणि तेवढा गॅप ६च्या मानाने बराच जास्त वेळा येतो. म्हणून रोज साडेतीननंतर परत चालवा, आणि बजेट, निकाल, आरबीआयची पॉलिसी, लांब वीकएंड यांच्या आधी तर नक्कीच.